2000 ट्रायग्लिसराइड आणि तुपाचा सल्ला

“ट्रायग्लिसराइड साखर आणि भाताने वाढतात, तूप-तेलाने नाही. रिपोर्ट 2000 आला तरी घाबरू नका. भात-पोळी बंद करा आणि तूप, खोबरेल तेल भरपूर खा. खोबरेल तेल तर थेट यकृतात जाते. रक्त दुधासारखे दिसले, तर जेवून रक्त दिले असेल एवढेच.”

या सल्ल्यातील पहिले वाक्य 250-300 च्या रिपोर्टपुरते बऱ्याच अंशी खरे आहे. तेथे वाढलेले ट्रायग्लिसराइड मुख्यतः यकृताने तयार केलेल्या व्हीएलडीएल कणांत असतात, आणि साखर, मैदा व मद्य कमी केल्याने ते उतरतात. मात्र आकडा 1000 च्या पुढे गेला की रक्तात जमलेल्या चरबीत आतड्यातून आलेल्या कायलोमायक्रॉन कणांचा वाटा असतोच, आणि हे कण केवळ खाल्लेल्या स्निग्धांशापासून बनतात.

जेवणातील चरबी पचून आतड्याच्या पेशींत शिरते, तेथे तिचे पुन्हा ट्रायग्लिसराइड बनतात आणि अपो-बी-48 या प्रथिनाभोवती त्यांचे मोठे कण बांधले जातात. हे कण यकृताकडे जाणाऱ्या शिरेत न जाता लसिकावाहिन्यांत उतरतात आणि छातीतील मुख्य लसिकावाहिनीतून मानेच्या डाव्या बाजूला, थेट रक्तप्रवाहात येतात. स्नायू आणि मेदपेशींजवळच्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज हे विकर त्यांची वाट पाहत असते. अपो-सी-2 या प्रथिनाच्या साहाय्याने ते कणातील चरबी काही मिनिटांत मोकळी करते आणि उरलेला अवशेष यकृत उचलते.

साधारण 3 लिटर प्लाझ्मा असलेल्या निरोगी माणसाचा आकडा 100 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर त्याच्या सबंध प्लाझ्मात अवघे 3 ग्रॅम ट्रायग्लिसराइड असतात. एका जेवणातून 50 ग्रॅम चरबी आली, तरी काही तासांत ती याच 3 ग्रॅमच्या साठ्यातून वाहून जाते, म्हणजे निचरा किती वेगवान असावा लागतो ते लक्षात यावे.

आता मधुमेहावर उपचार न घेणारा आणि नियमित मद्य घेणारा एक पुरुष कल्पून पाहू, ज्याचा आकडा 2400 आहे. त्याच्या प्लाझ्मात 72 ग्रॅम चरबी अडकलेली आहे. इन्सुलिनच्या अभावी त्याचे लायपेज मंदावले आहे, यकृत जास्त व्हीएलडीएल सोडत आहे, आणि दोन्ही प्रकारचे कण त्याच एका विकरासाठी रांगेत उभे आहेत. आकडा 500-700 च्या पुढे गेला की हे विकर बहुधा पूर्ण क्षमतेने गुंतलेले असते. त्यामुळे वर खाल्लेले चार मोठे चमचे तूप, म्हणजे 50 ग्रॅमहून जास्त चरबी, या साठ्यात साचत जाते. साखर कमी करण्याचा सल्ला त्यालाही लागू आहे, पण तुपाच्या जोडीने नव्हे. इन्सुलिन सुरू करून, मद्य पूर्ण थांबवून आणि दिवसभरातील एकूण स्निग्धांश डॉक्टरांच्या देखरेखीखाली 15-20 ग्रॅमवर आणला, तर आकडा काही दिवसांतच झपाट्याने खाली येऊ शकतो. लायपेजच्या जनुकाच्या दोन्ही प्रती जन्मतःच सदोष असण्याचा विकार फार दुर्मीळ आहे. त्यात फायब्रेट गोळ्यांचा विशेष उपयोग होत नाही आणि आहारातील हेच बंधन आयुष्यभर पाळावे लागते.

खोबरेल तेलाविषयीचा दावा अर्धवट माहितीवर उभा आहे. आतड्यातून थेट यकृताकडे जातात ती प्रामुख्याने 8 आणि 10 कार्बनची मेदाम्ले, आणि खोबरेल तेलात ती जेमतेम 15 टक्के असतात. या तेलाचा जवळपास निम्मा भाग 12 कार्बनच्या लॉरिक आम्लाचा आहे, जे बऱ्याच अंशी कायलोमायक्रॉनमधूनच प्रवास करते. या रुग्णांना कधी कधी दिले जाणारे एमसीटी तेल वेगळे असते, ते मुख्यतः याच 8 आणि 10 कार्बनच्या मेदाम्लांचे बनवलेले असते.

दुधी रक्ताचे कारण जेवण आहे की नाही, हे तपासणे अवघड नाही. निरोगी माणसाच्या रक्तातून कायलोमायक्रॉन 10-12 तासांच्या उपासात नाहीसे होतात. उपाशीपोटी घेतलेला प्लाझ्माही दुधी असेल आणि रात्रभर फ्रीजमध्ये स्थिर ठेवल्यावर त्यावर सायीसारखा थर आला, तर तो कायलोमायक्रॉनचाच असतो. अशा नमुन्यात सूत्राने काढलेला एलडीएलचा आकडा निरर्थक ठरतो आणि सोडियमही काही यंत्रांवर खोटेच कमी दिसते. कोपर, नितंब किंवा पाठीवर अचानक उठलेल्या पिवळसर पुटकुळ्या हीदेखील याच स्थितीची खूण असू शकते.

“घाबरू नका” हा भाग मात्र सर्वांत घातक आहे. स्वादुपिंडाच्या केशवाहिन्यांत या चरबीचे विघटन होऊन रक्तातील अल्ब्युमिनला बांधता येणार नाहीत इतकी मुक्त मेदाम्ले सुटतात आणि ऊतींना इजा करतात, असे मानले जाते. त्यातून स्वादुपिंडाचा तीव्र दाह होऊ शकतो. वरच्या पोटात सुरू होऊन पाठीकडे जाणारी सततची वेदना आणि उलट्या असतील, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे. तेथे ट्रायग्लिसराइडचा आकडा आवर्जून सांगावा, कारण दुधी नमुन्यात अमायलेज खोटेच सामान्य दिसू शकते आणि तेवढ्यावरून दाह नाही असे ठरवता येत नाही.