मैत्रीची खातेवही कशी ठेवावी

मित्र असतील आणि लग्नही करायचं असेल, तर सगळ्यात आधी एक एक्सेल शीट उघडा. माझ्या एका जुन्या मित्राने उघडली आहे. गेल्या महिन्यात त्याची आई दवाखान्यात होती, तेव्हा मी दोन रात्री तिच्या उशाशी बसलो. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: 'तुझ्या दोन रात्री माझ्याकडे जमा. तुझ्या घरी कुणी ॲडमिट झालं की मी दोन रात्री येईन. हिशोब क्लिअर.' खाली शीटचा फोटोही होता. फोन: तू 31, मी 34. म्हणजे तीन फोन मी देणं लागतो.

हे 'सोशल एक्स्चेंज थिअरी'नुसार चाललंय म्हणे. माणूस नात्यात काय घालतो आणि काय मिळवतो, ते तोलूनच टिकतो किंवा निघतो. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज होमन्सने 1958 मध्ये हे मांडलं. आपणही त्याचा लाभ घेऊया.

पहिली गोष्ट, कुणी काही केलं की ताबडतोब परतफेड करा. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी 1979 मध्ये हेच तपासलं होतं. प्रयोगात पुरुषांनी एका अनोळखी बाईला मदत केली. काहींना ती विवाहित असल्याचं सांगितलं होतं, म्हणजे व्यवहारापुरती ओळख. काहींना सांगितलं, ती गावात नवीन आहे आणि तिला ओळखी वाढवायच्या आहेत. तिने मदतीच्या बदल्यात लगेच त्या कामासाठी मिळणारा एक गुण त्यांना दिला, तेव्हा व्यवहारवाल्यांना ती जास्त आवडली. जवळीक वाढेल या आशेने बसलेल्यांना मात्र ती कमी आवडली. उघड आहे, 'हे घे, आता आपला संबंध संपला' असंच ते त्यांना ऐकू आलं. तेव्हा मित्र कमी करायचे असतील तर यासारखा उपाय नाही.

दुसरी गोष्ट, घरकामाची टक्केवारी ज्याची त्याने स्वतःच लिहावी. रॉस आणि सिकोली यांनी, 1979 मध्येच, जोडप्यांना कोण किती काम करतं ते वेगवेगळं विचारलं. दोघांचे वाटे जोडले तर बहुतेक घरांत बेरीज पूर्ण कामाच्या वर गेली. कुणी खोटं बोलत नव्हतं बरं. आपण घासलेलं भांडं आपल्याला आठवतं, एवढंच.

आता लग्न. मित्राची चार वर्षांची मैत्रीण आहे आणि एक 'पर्याय'ही आहे. (पर्याय! आहे त्या नात्याऐवजी बाहेर काय मिळेल, यासाठीचा थिबो आणि केली या मानसशास्त्रज्ञांचा 1959 चा शब्द याने असा लावला.) पगाराला वजन 40, स्वभावाला 30, दिसण्याला 30. मैत्रिणीला दहापैकी पगारात 5, स्वभावात 9, दिसण्यात 7. एकूण 68. पर्यायाला 9, 6, 6. एकूण 72. पर्याय जिंकला! मग गृहस्थ गप्प बसले आणि त्यांनी पगाराचं वजन 30, स्वभावाचं 40 केलं. मैत्रीण 72, पर्याय 69. 'बघ, गणित तिच्याच बाजूने आहे.' अरे, गणित कुठलं? निर्णय आधीच झाला होता, तू फक्त त्याला आकडे नेसवलेस! आणि गॅरी बेकरने 1973 मध्ये लग्नाचं अर्थशास्त्र मांडताना दोघांनाही एकट्यापेक्षा बरं वाटलं तरच लग्न होतं असं धरलं होतं. तिची शीट कुठाय? तिने तुला दिसण्यात किती दिलेत, विचारलंस?

तिसरी टीप होती, पण जाऊ दे, आता खरंच डोकं फिरलंय.

हे शास्त्र लोक कसे वागतात ते सांगायला बनलं, कसं वागावं याची किराणा वही म्हणून नव्हे. आणि ज्याच्या नावाने तू वही उघडलीस ना, त्या शास्त्रातल्याच पीटर ब्लाऊने 1964 मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय. बाजारातल्या देवघेवीत किती आणि कधी परत द्यायचं ते ठरलेलं असतं, सामाजिक देवघेवीत ते ठरलेलं नसतं, घासाघीसही होत नाही, म्हणूनच समोरच्यावर भरवसा टाकावा लागतो आणि तो वाढतो. तू ते न ठरलेलं ठरवून टाकलंस. दोन रात्रींच्या बदल्यात दोन रात्री! म्हणजे तू माझ्या घरच्या कुणाच्या तरी ॲडमिट होण्याची वाट बघतोयस का, गधड्या? मी तुझ्या आईजवळ बसलो होतो. ती झोपेत तुझं नाव घेत होती, आणि तू घरी आकडे भरत होतास. ती नोंद खोड आधी. आणि ते तीन फोन मी करणार नाही.