‘राजीनामा टाका, पगार वाढवा’ या मेसेजला उत्तर

“पगार वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग: दुसरीकडून ऑफर आणा आणि राजीनामा टाका. कंपनी तेवढाच आकडा देते. साहेबांनी शब्द दिला की राजीनामा मागे घ्या. नव्या कंपनीला जॉइनिंगच्या दिवशी कळवलं तरी चालतं. काउंटर ऑफर आली म्हणजे तुमची किंमत त्यांना कळली.”

हा मेसेज फिरत फिरत आमच्या भाचीपर्यंत पोचला, आणि तिने परवाच राजीनामा दिलाय. आता गप्प बसवत नाही.

साहेबांच्या शब्दाचं आधी घेते, कारण माणसं सगळ्यात जास्त तिथेच फसतात. राजीनामा लेखी असतो. त्याची नोंद झालेली असते, शेवटच्या दिवसाची तारीख पडलेली असते. तो केबिनमधल्या बोलण्याने रद्द होत नाही. शिवाय पगार मंजूर करायचा अधिकार बहुतेक ठिकाणी साहेबांकडे नसतोच, एचआर आणि फायनान्सची मान्यता लागते. साहेब अगदी मनापासून बोलत असले तरी प्रस्ताव वर अडू शकतो. तोवर तुम्ही नवी ऑफर नाकारलेली असते आणि इकडे तुमच्या जागेसाठी मुलाखती सुरू झालेल्या असतात. म्हणजे हातात काहीच नाही!

थांबायचंच असेल तर क्रम सांभाळा. पहिल्यांदा सुधारित पगाराचं पत्र. त्यात फिक्स्ड पगार, तो कोणत्या तारखेपासून लागू, पद आणि बदललेली जबाबदारी, हे सगळं हवं, खाली अधिकृत सही हवी. मग राजीनामा मागे घेण्याचा अर्ज आणि तो स्वीकारल्याची एचआरची ई-मेल, ज्यात नोकरी अखंड धरली जाईल असं स्पष्ट लिहिलेलं असेल. नव्या कंपनीला नकार यानंतर. पत्रासाठी दोन-तीन कामाचे दिवस द्या. “प्रोसेसमध्ये आहे” हे दुसऱ्यांदा ऐकलंत, तर ऑफर नाही असंच धरून चाला.

आता “तेवढाच आकडा”. समजा आजचा पगार 100 आहे आणि नवीकडे 130 फिक्स्ड मिळतायत. इकडची कंपनीही म्हणते, 130 घ्या. पत्र उलगडून बघितलं तर फिक्स्ड 112, व्हेरिएबल 10 आणि एकदाच मिळणारा रिटेन्शन बोनस 8, तोही वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. व्हेरिएबल पूर्ण मिळेलच असं नाही आणि बोनस पुढच्या वर्षी नसेल. त्यात तीन महिन्यांनी नेहमीची 8 टक्के वाढ होणारच होती, म्हणजे 108 तसेही झाले असते. बऱ्याचदा काउंटर ऑफर म्हणजे तीच वाढ आधी दिलेली असते, आणि पुढच्या अप्रेझलला “तुमचं आत्ताच झालंय ना” असं उत्तर येतं. राजीनाम्याने खरे वाढले ते 4. म्हणून थेट विचारायचं: “या वर्षीची वाढ यात धरली आहे का?” उत्तर पत्रातच लिहून घ्यायचं.

जॉइनिंगच्या दिवशी कळवणं तर सरळ चुकीचं आहे. तुमच्यासाठी दुसऱ्या उमेदवाराला नकार गेलेला असतो. निर्णय पक्का झाला की त्याच दिवशी फोन करा आणि पाठोपाठ दोन ओळींची ई-मेल टाका. लवकर आलेला नकार लोक समजून घेतात.

किंमत कळल्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. काही ठिकाणी पगार बाजारापेक्षा खरंच मागे पडलेला असतो आणि राजीनामा येईपर्यंत कोणी लक्ष देत नाही. तुमची तक्रार फक्त पगाराची असेल आणि फिक्स्ड आकडा कागदावर आला असेल, तर थांबण्यात काही गैर नाही. काउंटर ऑफर घेतलेले 80 टक्के लोक सहा महिन्यांत सोडतात, असा उलट मेसेजही फिरतो. त्या आकड्यासोबत मूळ अभ्यास कोणी जोडत नाही, तेव्हा त्यालाही घाबरू नका.

पण तक्रार पगाराची नसेल तर? फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं होतं की कामावर फार छान कधी वाटलं आणि फार वाईट कधी. पगार मुख्यतः नाराजीच्या कारणांत आला. टिकणारं समाधान कामातून, जबाबदारीतून, पुढे जाण्याच्या संधीतून येत होतं. म्हणजे पगार वाढला की पगाराची नाराजी जाते, बाकीची तिथेच राहते.

राजीनामा द्यायच्या आधीच सोडण्याची तीन कारणं कागदावर लिहून ठेवा. काउंटर ऑफरचं पत्र आलं की ते शेजारी ठेवून बघा, त्यातली किती कारणं पत्रात मिटली आहेत. रोज रात्री दहापर्यंत थांबावं लागतं हे पहिलं कारण असेल आणि पत्रात कामाच्या वाटणीबद्दल एक ओळही नसेल, तर एचआरला लिहा: “ऑफरबद्दल आभार. माझा निर्णय कायम आहे, शेवटचा दिवस ठरलेलाच राहील.” कारणांची यादी त्यात जोडू नका, नाहीतर एकेका कारणावर नव्याने घासाघीस सुरू होते.