साप कोणता, हा पाचवा प्रश्न

"साप चावला तर घाई करू नका. आधी साप कोणता ते ओळखा. साप मारून डब्यात भरून दवाखान्यात न्या, नाहीतर डॉक्टर लस देऊच शकत नाही. दोन दातांचे ठसे असतील तरच साप विषारी समजावा. शेअर करा, एखाद्याचा जीव वाचेल."

हा ग्रुपवर फिरणारा मेसेज. जीव वाचेल म्हणे! माझ्या भावाच्या गड्याचा जाता जाता राहिला.

गेल्या ऑगस्टातली गोष्ट. रात्री पावणेआठला भावाचा फोन. "ताई, गड्याले धुऱ्यावर काहीतरी चावलं. आम्ही टॉर्च घेऊन पाहू राह्यलो, पन साप काही सापडून नाही राह्यला." कधी चावलं विचारलं तर म्हणे सातला. म्हणजे पाऊण तास चार माणसं काठ्या घेऊन सोयाबीनात साप हुडकत होती, आणि ज्याला चावलं तो बिचारा बैलगाडीला टेकून बसलेला. का? तर ग्रुपवर आलं होतं, साप पाहिजे.

मी सव्वीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात सिस्टर होते. पावसाळ्यात अशा केसेस रोजच्याच. तेव्हापासूनची एक सवय आहे. काही माहीत नसताना काय आधी विचारायचं हे ठरवायला मी प्रश्नाची दोन उत्तरं मनात धरते. असं उत्तर आलं तर मी काय करीन, तसं आलं तर काय करीन? दोन्ही वेळेला तेच करणार असेन, तर तो प्रश्न मागे जातो, मग तो कितीही महत्त्वाचा वाटो.

आता "साप कोणता" हा प्रश्न यात घालून पहा. समजा नाग निघाला. काय कराल? पेशंटला न हलवता, पाय स्थिर ठेवून, लस असलेल्या दवाखान्यात न्याल. समजा घोणस निघाली? तेच. मण्यार? तेच. फुरसं? तेच. आपल्याकडे मिळणारी लस या चारही सापांच्या विषावर एकत्रच बनवलेली असते. कुपीवर चारही नावं छापलेली असतात, कोणीही वाचून पाहावं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सर्पदंश मार्गदर्शिकेतही लस द्यायची की नाही हे पेशंटच्या लक्षणांवरून ठरवायला सांगितलंय, मेलेल्या सापावरून नाही. म्हणजे ज्या उत्तरासाठी पाऊण तास घालवला, त्यानं पहिल्या तासात काडीचाही फरक पडणार नव्हता. वर अंधारात चिडलेल्या सापामागे फिरून दुसरा माणूस चावून घ्यायची सोय.

मग मी काय विचारलं? पहिलं, "तो बोलतो काय? त्याले त्याचं नाव विचार, आन डोळे वर करून पाह्यला सांग." भाऊ म्हणाला, बोलतो, पण पापण्या खाली येऊन राहिल्या, थुंकीही गिळता येत नाही. या एका उत्तरानं सगळं बदललं. पापणी पडणं म्हणजे विष नसांवर चढतंय आणि पुढचा नंबर श्वासाचा. पापणी ठीक असती, श्वास ठीक असता, तर 27 किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयात सरळ जा म्हटलं असतं. आता तेवढा वेळ रस्त्यावर घालवणं धोक्याचं होतं. "त्याले पाणी देऊ नको, कुशीवर लोटव" एवढं सांगून मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळले.

दुसरा प्रश्न भावाला नव्हता, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला होता. लस आहे का, आणि डॉक्टर आत्ता जागेवर आहेत का? हे अंतर 8 किलोमीटर. "हो" असेल तर तिथे, "नाही" असेल तर 108 ला बोलावून ऑक्सिजनसह पुढे. दिशाच फिरवणारा प्रश्न, आणि एका फोनचं काम. होतं म्हणाले.

तिसरा: पायाला दोरी बांधली का? बांधली होती, चांगली करकचून. रस्त्यात कोणी कनवाळू माणूस ती एकदम सोडून देतो आणि अडकलेलं विष झटक्यात वर जातं. म्हणून सांगितलं, हात लावू नका, डॉक्टरसमोरच सुटेल. चौथा, चावल्याची नेमकी वेळ, तो आधीच कळला होता. तोही गाडीत बसल्यावर विचारला तरी चालला असता, कारण वेळ काहीही असली तरी निघायचंच होतं. सगळं मिळून चार मिनिटं गेली असतील.

केंद्रावर 10 कुप्या लस सलाइनमधून चढली, ढिल्या पडलेल्या स्नायूंसाठी निओस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं, मग हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग सोबत ठेवून पुढे पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पापण्या उघडल्या.

ठशांचं तर बोलूच नये. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सुजत नाही, ठसा शोधूनही सापडत नाही. माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो. या मेसेजवर विश्वास ठेवणारा त्याला ओवा देऊन परत झोपवेल.

एक मात्र मान्य करावं लागेल. साप ओळखण्याचा उपयोग अजिबात नाही असं नाही. घोणस असेल तर डॉक्टर पुढचे दिवस लघवीवर जास्त लक्ष ठेवतात, नाग असेल तर निओस्टिग्मिनचा फायदा जास्त दिसतो. लांबून मोबाइलवर फोटो आपसूक निघाला तर घ्या. पण हे नंतरचं काम. आणि घोणस-फुरशाचं विष रक्तात उतरलंय का हे साप न पाहताही कळतं. कोरड्या काचेच्या नळीत 2 मिली रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं. नळी तिरपी केल्यावर रक्त गोठलेलं नसेल तर लस सुरू. नळी मात्र नवी काचेची हवी. साबणानं धुतलेली किंवा प्लास्टिकची घेतली की चांगलं रक्तही गोठत नाही आणि उगाच लस चढते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गंमत म्हणजे हाच "काय होतं?" प्रश्न फवारणीच्या विषबाधेत सगळ्यात वर येतो. 2017 ला यवतमाळात फवारणीनं माणसं दगावली ते आपण विसरलो नाही. तिथे डब्यावरचं नाव पाहिजेच, कारण एका फवारणीच्या विषावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन लागतं, दुसऱ्यावर त्याचा काही उपयोग नाही. तिथे डबा दवाखान्यात न्या, खुशाल न्या. सापाचा मेसेज लिहिणाऱ्यानं बहुतेक ते ऐकून इकडे चिकटवलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच धुऱ्यावर पोरांनी एक धामण मारली आणि "हाच तो साप" म्हणून ग्रुपवर फोटो टाकला. धामणीला विष नसतं. ती रात्रीच सापडली असती, तर डब्यात घालून गड्याच्या आधी दवाखान्यात पोचली असती, आणि भाऊ मला म्हणाला असता, "काही नाही ताई, साधाच साप होता."