मुदत मागणाऱ्या मेलमध्ये बफरचा पीएच कशाला?

प्रयोग फसल्यावर मुदत मागताना मेलमध्ये नेमकं काय बिघडलं ते लिहावं, या माझ्या सल्ल्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: "रिपोर्टला तीन दिवस वाढवून मागायला एवढं पुराण कशाला? सरांना वेळ नसतो. प्रयोग फसला तर चूक विद्यार्थ्याची, कारणं देत बसणं म्हणजे सबबी. आम्ही जी रीडिंग आली तीच लिहून जर्नल वेळेवर द्यायचो."

नमस्कार. सरांना वेळ नसतो हे अगदी खरं, आणि म्हणूनच प्रयोग नेमका कुठे अडला ते मेलमध्ये हवं. मी स्वतः प्रॅक्टिकलच्या बॅचेस घेते. "प्रयोग फसला, मुदत मिळावी" एवढाच मेल आला की मला उलट विचारावं लागतं: फक्त लिहायला वेळ हवाय की लॅबमध्ये पुन्हा उभं राहायचंय? लॅब हवी असेल तर दुसऱ्या बॅचमध्ये जागा बघायची, द्रावणं करून ठेवायला सांगायची. हे पहिल्याच मेलमध्ये कळलं तर उत्तर एका ओळीत देता येतं.

पंचगंगेच्या पाण्याची कठीणता काढण्याचा प्रयोग घ्या. ५० मिली पाणी, त्यात अमोनियाचं बफर घालून पीएच १० च्या आसपास आणायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी हे इंडिकेटर टाकायचं आणि ०.०१ मोलर ईडीटीएने टायट्रेशन. लालसर रंग एका थेंबात स्वच्छ निळा व्हायला हवा. समजा, एका विद्यार्थिनीला तो जांभळाच दिसत राहिला आणि रीडिंग आली ४.२, ५.१ आणि ६.३ मिली. त्यांची सरासरी ५.२, म्हणजे लिटरला १०४ मिलिग्रॅम कठीणता. आकडा दिसायला नीटनेटका आहे, पण त्यात अर्थ नाही. एकसारखी रीडिंग ०.१ मिलीच्या आत यायला हवीत, इथे दोन मिलींहून जास्त फरक आहे. तुम्ही म्हणता तसं "आलं ते लिहून" दिलं असतं, तर नदीच्या नावावर एक खोटा आकडा नोंदला गेला असता.

तिने पुढे काय केलं ते महत्त्वाचं. रंग असा रेंगाळतो तेव्हा दोष पाण्यात असू शकतो, कारण तांब्यासारखे धातू इंडिकेटरला धरून बसतात. किंवा तो द्रावणांत असू शकतो. हे ओळखायला तिने नदीच्या पाण्याऐवजी लॅबमधलं माहीत असलेल्या कठीणतेचं द्रावण घेतलं. तिथेही रंग तसाच रेंगाळला, म्हणजे नदीचं पाणी सुटलं. मग बफर घातलेल्या द्रावणाला पीएच पेपर लावला, तर तो ८ च्या आसपास. बाटलीचं झाकण सैल राहिलं की बफरमधला अमोनिया उडून जातो, आणि पीएच उतरला की ईडीटीएची मॅग्नेशियमवरची पकड ढिली पडते. त्यामुळे रंग एका थेंबात न बदलता हळूहळू सरकत राहतो.

याला मी सबब म्हणणार नाही. सबबीत पुढे काय करायचं ते नसतं, इथे ते आहे: ताजं बफर आणि एक प्रॅक्टिकल. मेल एवढाच:

> विषय: पाण्याची कठीणता – रिपोर्टसाठी सोमवारपर्यंत मुदत मिळण्याबाबत
>
> आदरणीय सर,
> पंचगंगेच्या पाण्याच्या टायट्रेशनमध्ये एन्ड पॉइंट स्पष्ट आला नाही. तिन्ही रीडिंग (४.२, ५.१, ६.३ मिली) जुळत नाहीत. माहीत असलेल्या द्रावणातही तसंच झालं. बफर घातल्यावर पीएच ८ च्या आसपास आहे. ताज्या बफरने गुरुवारच्या बॅचमध्ये पुन्हा करू का? परवानगी मिळाल्यास रिपोर्ट शुक्रवारऐवजी सोमवारी सकाळी देईन. प्रस्तावना आणि कृती लिहून तयार आहे. मूळ रीडिंगच्या पानाचा फोटो जोडला आहे.
> आपली विद्यार्थिनी,
> (नाव, रोल नंबर, बॅच)

मोबाईलवर वाचायला अर्धा मिनिट पुरतो. त्यात "बाटली कुणी उघडी ठेवली" हे नाही, तेही मुद्दाम. ते तिला माहीत नाही, आणि मुदत ठरवायला त्याचा उपयोगही नाही.

तुमच्या बोलण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. प्रयोग फसला एवढ्यावर मुदत मागू नये. पुन्हा करायला लॅबच मिळणार नसेल, तर तीन दिवसांनी रीडिंग सुधारणार नाहीत. मग रिपोर्ट शुक्रवारीच द्यावा: तिन्ही रीडिंग जशीच्या तशी, सरासरी न काढता, खाली माहीत असलेल्या द्रावणाची तपासणी आणि पीएच. सरांनी मेलला नकार दिला तरी हेच करायचं.

परवानगी मिळाली तर मात्र एक पथ्य आहे. घाटावरून पाणी पुन्हा आणलं तर तो नवा नमुना झाला. त्याची तारीख वेगळी लिहायची आणि जुनी रीडिंग त्याच्या तक्त्यात मिसळायची नाहीत.