नाव एक म्हणून गाणं एक नसतं

«लाइक केलेली गाणी हजारोंनी साचलीत? एका संध्याकाळी साफ करा. यादी नावाप्रमाणे लावा, त्याच नावाची दुसरी-तिसरी दिसतील ती उडवा, कुठलीही एक ठेवा. उरलेली प्लेलिस्टमध्ये टाका, प्लेलिस्ट फोल्डरमध्ये टाका आणि मग सगळं अनलाइक करा. लायब्ररी कोरी करकरीत!»

हा मेसेज गेले काही दिवस सगळीकडे फिरतोय. वर्षानुवर्षं जमवलेली गाणी कुणी या पद्धतीने गमावू नयेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो. उदाहरणं स्पॉटिफायची आहेत.

नावावरून डुप्लिकेट ओळखणं

या पद्धतीत दोन्हीकडून नुकसान होतं. जी गाणी वेगळी आहेत ती उडतात आणि जी खरोखर एकच आहेत ती निसटतात.

समजा, नावाप्रमाणे लावलेल्या यादीत एकाच नावाच्या पाच ओळी शेजारी-शेजारी आल्या. पहिली सिंगल म्हणून आलेली, ३ मिनिटं ४१ सेकंद. दुसरी अल्बममधली, तीही ३:४१. तिसरी कुठल्याशा ‘सर्वोत्तम गाणी’ संकलनातली, पुन्हा ३:४१. चौथी रीमास्टर केलेली, ३:४४. पाचवी मैफिलीतली, ५:१२. यातल्या पहिल्या तीनच एकमेकींच्या नकला आहेत. रीमास्टरचा आवाज वेगळा असतो, कुणाला तो आवडतो, कुणाला जुनाच बरा वाटतो. मैफिलीतलं तर पूर्ण वेगळं गायन. नावाच्या हिशेबाने मात्र पाचांतली चार गेली.

उलटी चूक आपल्याकडच्या गाण्यांत फार होते. एकाच गाण्याचं नाव एका अल्बमवर देवनागरीत असतं, दुसऱ्यावर रोमनमध्ये, तिसऱ्यावर रोमनमध्येच पण एक ‘a’ जास्त. एका ठिकाणी कलाकार म्हणून आधी संगीतकार येतो, दुसरीकडे गायिका. अशा नकला यादीत एकमेकींपासून शेकडो ओळी दूर बसतात आणि तुम्हाला दिसतच नाहीत.

यावर उपाय आहे ISRC. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला दिला जाणारा हा १२ अक्षरांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. तो गाण्याला किंवा अल्बमला नसतो, त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाला असतो. म्हणून तेच ध्वनिमुद्रण सिंगल, अल्बम आणि संकलन अशा तिन्ही ठिकाणी आलं तरी ISRC एकच राहायला हवा. रीमास्टरला आणि मैफिलीतल्या गायनाला वेगळा मिळतो. (त्यातले वर्षाचे दोन आकडे क्रमांक दिला त्या वर्षाचे असतात, गाणं कधी गायलं गेलं ते त्यावरून ठरवू नका.)

Exportify सारख्या साधनाने Liked Songs ची CSV फाइल काढा, तिच्यात ISRC चा रकाना आहे ना ते बघा आणि ती गूगल शीट्समध्ये उघडा. ISRC समजा K रकान्यात असेल, तर शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे लिहून खालपर्यंत ओढा:

```
=IF(K2="","",COUNTIF(K:K,K2))
```

२ किंवा त्याहून मोठा आकडा आला, की नक्कल सापडली. नाव कुठल्याही लिपीत असो.

पण ही चाळणीही शंभर टक्के नाही. जुनं ध्वनिमुद्रण दुसऱ्या कंपनीने पुन्हा काढलं, की कधी कधी त्याला नवाच क्रमांक चिकटतो. अशा वेळी कलाकाराप्रमाणे यादी लावून कालावधी बघायचा. दोन सेकंदांच्या आत फरक असेल तर संशय घ्या आणि दोन्ही ऐका. ते कंटाळवाणं आहे, पण ISRC ने बहुतेक काम उरकल्यावर अशा जोड्या थोड्याच उरतात.

कुठली ठेवायची

आवाज तोच असला तरी तीन ओळी सारख्या नसतात. संकलनाचे हक्क संपले आणि ते काढून टाकलं गेलं, की त्यातलं गाणं यादीत करडं होऊन पडतं आणि वाजत नाही. म्हणून वाजणारी आणि मूळ अल्बममधली प्रत ठेवा, संकलनातली काढा. सेटिंगमध्ये न वाजणारी गाणी दाखवण्याचा पर्याय असतो, तो आधी चालू करा. नाहीतर करडी प्रत डोळ्यांसमोर येतच नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. तीन प्रतींत सर्वांत जुनी Added At तारीख संकलनातल्या प्रतीची असेल, तर ती काढताना तारीखही जाते. अल्बममधली प्रत नव्याने लाइक केलीत तर तिला आजची तारीख लागते. ज्यांना ‘हे गाणं आपल्याला कधी भेटलं’ हे महत्त्वाचं वाटतं, त्यांनी CSV फाइल जपून ठेवावी. ती तारीख दुसरीकडे कुठेच उरणार नाही.

सगळं अनलाइक करणं

हे अजिबात करू नका. डिलीट केलेली प्लेलिस्ट स्पॉटिफायच्या अकाउंट पेजवरून ९० दिवसांपर्यंत परत आणता येते. Liked Songs मधून काढलेल्या गाण्यांना ती सोय नाही.

काहीही काढायच्या आधी संगणकावरच्या अॅपमध्ये Liked Songs उघडा, Ctrl+A, Ctrl+C करा आणि नव्या रिकाम्या प्लेलिस्टमध्ये Ctrl+V करा. एका प्लेलिस्टमध्ये १०,००० गाणी मावतात. त्याहून जास्त असतील तर दोन करा. या नकलेत सगळ्या गाण्यांना आजची तारीख लागते, म्हणून ती CSV च्या जोडीने ठेवायची, तिच्याऐवजी नाही.

फोल्डर

फोल्डरमध्ये प्लेलिस्ट जातात, सुटी गाणी जात नाहीत. फोल्डर संगणकावर करा, ते फोनवर दिसतं. सावध राहायचं ते दोन ठिकाणी. फोल्डर डिलीट केलं, की आतल्या प्लेलिस्टही जातात. आणि गाणी निर्यात करणारी साधनं फोल्डरची रचना नेत नाहीत, कारण स्पॉटिफाय ती बाहेरच्या साधनांना देतच नाही. कुठल्या फोल्डरमध्ये काय होतं ते स्वतःच लिहून ठेवावं लागतं.

मूडप्रमाणे वाटणी करायला माझा विरोध नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे. स्पॉटिफायच्या दृष्टीने सिंगलमधली आणि अल्बममधली प्रत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, प्रत्येकीची ओळख वेगळी आणि लाइकची खूणही वेगळी. तुम्ही Liked Songs मध्ये अल्बममधली प्रत ठेवलीत, पण जुन्या प्लेलिस्टमध्ये सिंगलची राहिली, तर तिथे ऐकताना खूण दिसत नाही. ‘अरे, हे लाइक नव्हतं केलं?’ म्हणून तुम्ही बोट लावता आणि काढलेली नक्कल परत येते. हजारो गाण्यांच्या लायब्ररीत बऱ्याचशा नकला अशाच जमतात.

म्हणून आधी Liked Songs मधल्या नकला काढा आणि नव्या प्लेलिस्ट त्या साफ यादीतूनच भरा. जुन्या प्लेलिस्ट एकेक उघडून खूण नसलेली गाणी शोधा. नुसती प्रत वेगळी असेल, तर ती काढून Liked Songs मधली तिच्या जागी टाका. हे झाल्यावरच फोल्डरला हात लावा.