कुरडईतली हवा, किलोच्या भावाने

कोकमाचं आगळ करायला ऊन लागतं, कुरडया घालायला चार शेजारणी लागतात, पण हेच सगळं ऑनलाइन विकायचं म्हटलं की आधी तुम्ही नक्की कोण आहात ते सिद्ध करावं लागतं. आणि हे आमच्यासारख्या लग्न झालेल्या बाईला विचारणं म्हणजे मुद्दाम खाजवून खरूज काढणं आहे. माझं पॅन कार्ड माहेरच्या नावाने, बँकेचं खातं सासरच्या नावाने, आणि दुकानाचं नाव तिसरंच, कारण ते सासूबाईंनी ठेवलंय.

पेमेंट गेटवेवाले, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे आपल्या खात्यापर्यंत पोचवणारे, काय करतात, तर तुम्ही दिलेल्या खात्यात एक रुपया टाकतात आणि बँकेकडून खातेदाराचं नाव परत येतं ते पॅनवरच्या नावाशी ताडून बघतात. याला ते पेनी ड्रॉप म्हणतात. माझ्या खात्यात रुपया आला, मला आनंद झाला, आणि तासाभरात मेल आला की नावं जुळत नाहीत. आता एकट्या मालकाच्या धंद्याला मालकाचंच पॅन चालतं, त्यामुळे पॅनवरची बाई आणि खात्यावरची बाई एकच आहे हे दाखवण्यावाचून गत्यंतर नाही. मग विवाह नोंदणीचा दाखला घेऊन बँकेत, तिथून पॅन दुरुस्तीचा फॉर्म, तो होईपर्यंत सगळं ठप्प. नवऱ्याचं म्हणणं, "माझ्या नावावर करूया का?" मी म्हटलं कुरडया तुम्ही घालणार असाल तर करूया. तो विषय तिथेच संपला.

नाव जुळलं तर पुढची अट, वेबसाइटवर पानं पाहिजेत. संपर्क, अटी-शर्ती, प्रायव्हसी, शिपिंग आणि रिफंड. सगळी पानं खाली फूटरमध्ये, लॉगिन न करता उघडली पाहिजेत, प्रत्येक वस्तूची किंमत रुपयात दिसली पाहिजे, आणि पत्त्याच्या पानावर पॅनवरचं नाव पाहिजे, नुसतं दुकानाचं नाव चालत नाही. म्हणजे पैसे घ्यायची सोय झाल्याशिवाय दुकान उघडता येत नाही आणि दुकान उघडं दिसल्याशिवाय पैसे घ्यायची सोय होत नाही. तिकडे कुणीतरी माणूस खरंच साइट उघडून बघतो म्हणे. त्या एका माणसासाठी आम्ही कितीतरी दिवस दुकान सजवून बसलो होतो.

पानं लिहायचं काम माझ्या भाच्याने, ओंकारने, पुण्यातून अंगावर घेतलं. पोरगा हुशार, त्यामुळे त्याने लिहिली नाहीत, कुठल्यातरी कपड्यांच्या दुकानाची उचलून आणली. सासूबाईंना मराठी करून वाचून दाखवत होते तर रिटर्न पॉलिसीत पहिलंच वाक्य, वस्तू अंगावर घातलेली नसावी, धुतलेली नसावी आणि टॅग जागेवर असावा. सासूबाई म्हणाल्या, "कुरडई अंगावर कोण घालतंय गो?" खाली अजून, साइझ बसला नाही तर पंधरा दिवसात बदलून मिळेल.

मग आम्ही आमचं लिहायला बसलो आणि तिथे खरी गंमत सुरू झाली. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी बाजारपेठेत सर्रास दिसते, इथे चालत नाही. ऑनलाइन विक्रीसाठी 2020 चे ग्राहक संरक्षणाचे वेगळे नियम आहेत, त्यात माल खराब निघाला किंवा सांगितला तसा नसला तर परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. त्यामुळे आम्ही दोन भाग केले. उघडलेली बाटली, "आम्हाला वाटलं आगळ म्हणजे गोड सरबत असतं" असली कारणं, हे परत नाही, खाण्याची वस्तू आहे, परत आलेली आम्ही दुसऱ्याला विकू शकत नाही. पण बाटली फुटली, गळली, दुसरंच काही आलं, मुदत संपलेलं आलं, तर 48 तासात फोटो पाठवा, माल परत पाठवायची गरज नाही, पैसे ज्या रस्त्याने आले त्याच रस्त्याने 5 ते 7 कामाच्या दिवसात परत. हा दिवसांचा आकडा महत्त्वाचा हं, 'लवकरात लवकर' लिहिलं होतं तर गेटवेवाल्यांनी पान परत पाठवलं.

आता फुटलेल्या बाटलीचा फोटो दिसतो, फुटलेल्या कुरडईचं काय? कुरडई ही चीजच अशी आहे की नुसतं तिच्याकडे बघितलं तरी तुकडा पडतो. यावर घरात रात्री जेवण थंड होईपर्यंत चर्चा झाली. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, झाऱ्यातून खाली पडत नाही तो तुकडा, पडतो तो चुरा. पाकिटात एक चतुर्थांशापेक्षा जास्त चुरा असेल तर पैसे परत. हे वाक्य आज आमच्या साइटवर आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, कुठल्याही टेम्प्लेटमध्ये सापडणार नाही.

त्याच नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, त्याने तक्रारीची पोच 48 तासात द्यायची आणि महिन्याभरात ती मिटवायची. आमच्याकडे हे पद सासूबाईंना द्यायचं की सासूबाईंविरुद्ध निर्माण करायचं यावर एकमत होईना, मग आप्पांना दिलं. आप्पा म्हणजे माझे सासरे, पोस्टातून रिटायर झालेले, तक्रारी ऐकून घेण्याचा पन्नास वर्षांचा अनुभव, त्यातला अर्धा घरातला.

आणि आप्पांमुळेच शिपिंगचं प्रकरण वाचलं. झालं काय, सीएने सांगून ठेवलेलं की महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकताय तोवर उलाढाल लहान आहे तर जीएसटी नंबर नसला तरी चालेल, पण दुसऱ्या राज्यात एक बाटली जरी विकलीत तरी आधी नंबर घ्या, तिथे उलाढालीची सूट नाही. म्हणून ठरलं की नंबर येईपर्यंत ऑर्डर फक्त महाराष्ट्रातून घ्यायची. ओंकार म्हणाला सोप्पंय मावशी, आपले सगळे पिनकोड चारने सुरू होतात, आपली साइट ज्या वूकॉमर्सवर चालते त्याच्या शिपिंग झोनमध्ये `4*` टाकला की काम झालं. आप्पा आतल्या खोलीत होते, तिथूनच ओरडले, "अरे मेल्या, रायपूर पण चारने!"

मग आप्पांचा क्लास झाला. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला, तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर म्हणजे मराठी माणूस, संस्कृतचे कवी, हे आप्पा इतक्या अभिमानाने सांगतात की जणू वेलणकर आमच्याकडे चहाला यायचे. पहिला आकडा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. चारमध्ये महाराष्ट्र आहे, गोवा आहे, मध्य प्रदेश आहे आणि छत्तीसगडसुद्धा. 45 ते 48 मध्य प्रदेश, 49 छत्तीसगड. म्हणजे `4*` ठेवला असता तर इंदूर, भोपाळ, रायपूर सगळ्यांना कोकम आगळ मोकळं झालं असतं. बरं मग `40*` ते `44*` टाकू तर मध्येच 403 हा अख्खा गोवा बसलाय. शेवटी आप्पांनी कागदावर लिहून दिलं आणि ओंकारने गुपचूप टाइप केलं:

```
400001...402999
410001...445999
```

बाकीच्या जगासाठी जो उरलेला झोन असतो त्यात एकही शिपिंगची पद्धत ठेवायची नाही, म्हणजे चेकआउट पुढे सरकतच नाही. आणि एक लक्षात ठेवा, झोन वरून खाली बघितले जातात, जो पहिला जुळला तोच लागू, त्यामुळे कुडाळ-सावंतवाडीचा स्वस्त झोन महाराष्ट्राच्या खाली ठेवलात तर तो कुणालाच कधी मिळणार नाही.

दर ठरवताना कुरडईने परत घात केला. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000, हे जे येईल ते आणि खरं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. आमचं कुरडईचं खोकं 30 बाय 25 बाय 20, गुणाकार 15,000, म्हणजे तीन किलो. आत माल सहाशे ग्रॅम! समजा अर्ध्या किलोला 40 रुपये, तर सहाशे ग्रॅमला दोन टप्पे, 80 रुपये, आणि तीन किलोला सहा टप्पे, 240. चारशेच्या कुरडईवर दोनशे चाळीस भाडं, त्यातलं बहुतेक कुरडईच्या आतल्या हवेचं. सासूबाई म्हणाल्या हवा गाळून घालता येत नाही. मग खोकं बदललं, कुरडया चपट्या घालायला लागलो, 30 बाय 20 बाय 10, म्हणजे 1.2 किलो, तीन टप्पे, 120 रुपये. साइटवर वजनाच्या रकान्यात सहाशे ग्रॅम नाही, 1.2 किलो भरलंय. गिऱ्हाईक विचारतं एवढं वजन कसं, आप्पा त्यांना सूत्र समजावतात, फोन पुन्हा येत नाही.

आणि मग पहिली ऑर्डर, 640 रुपयांची, पनवेलहून. बाईंचा फोन, पैसे कट झाले पण ऑर्डर पेंडिंग दिसतेय. इथे भल्याभल्यांना घाम फुटतो. त्या यूपीआय अॅपमध्ये गेल्या, पिन टाकला आणि ब्राउझरमध्ये परत आल्याच नाहीत, थेट सिरीयल बघायला गेल्या. पैसे आल्याची बातमी आमच्या साइटला त्यांच्या ब्राउझरकडून मिळणार होती. यासाठी वेबहुक नावाची सोय असते, गेटवे आपला आपण साइटला कळवतो, गिऱ्हाईक परत येवो न येवो. ती लावायची राहिली की गेटवेच्या डॅशबोर्डवर पैसे जमा आणि दुकानात पेंडिंग, हे दोन्ही एकाच वेळी दिसतं. वेबहुक लावल्यावर पुढच्या ऑर्डरी नीट आल्या. त्या 640 मधून 2 टक्के कमिशन, त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, असे 15 रुपये 10 पैसे गेले, आणि रिफंड दिला तरी हे पंधरा रुपये परत येत नाहीत. सासूबाई याला सरळ चोरी म्हणतात.

परवा नवऱ्याच्या मामींचा म्हापशाहून फोन. "गो, तुझ्या दुकानात माझा पिनकोड टाकला की डिलिव्हरी होत नाही म्हणतंय, गडचिरोलीला जातं म्हणे आणि म्हापशाला नाही?" म्हापसा इथून दीड तासावर. मी त्यांना 403 समजावलं, जीएसटी समजावला, तरी फोन काही ठेवेनात. सीएला विचारलं तर म्हणाला विकू नका, भेट म्हणून द्या, भेटीला पिनकोड नसतो. नवरा रविवारी आगळाच्या सहा बाटल्या आणि कुरडयांचं खोकं घेऊन गेला. काल मामींचा पुन्हा फोन, मीठ जास्त झालंय आणि चार कुरडया मोडल्यात, रिफंड कसा मिळेल. म्हटलं थांबा, तक्रार निवारण अधिकाऱ्यांना देते.