नव्या सेक्रेटरीसाठी निरोपशास्त्र

सोसायटीच्या सेक्रेटरीपदी तुमची बिनविरोध निवड झाली, याचा अर्थ त्या सभेला तुम्ही हजर नव्हतात. असू द्या. आता पुढची काही वर्षं रोज कुणाला ना कुणाला काहीतरी कळवावं लागेल आणि त्यासाठी तुमच्याकडे ईमेल, व्हॉट्सॲप ग्रुप आणि फोन अशी तीन साधनं आहेत. कुठला निरोप कुठून पाठवायचा, हा नियम एवढाच: जे एकाचं आहे ते सगळ्यांना सांगा, जे आत्ताचं आहे ते उद्यावर टाका आणि ज्याचा कागद लागेल ते तोंडी उरकून टाका.

थकबाकीपासून सुरुवात करू. 402 मधल्या काकांचा चार महिन्यांचा मेंटेनन्स आलेला नाही. वर्षानुवर्षं वेळेवर भरणारा माणूस अचानक का थांबला, हे त्यांना फोन करून विचारता येईल, पण मग ते काहीतरी अडचण सांगतील, हप्ते मागतील आणि दहा मिनिटांत विषय मिटेल. त्यात सेक्रेटरीचा रुबाब कुठे राहिला? त्यापेक्षा एक्सेलमधली त्यांची ओळ लाल रंगवा, फोटो काढा आणि ‘प्रेमळ आठवण’ असं लिहून, दोन गुलाब लावून ग्रुपवर टाका. ग्रुपमध्ये भाडेकरू आहेत, घर विकून गेलेले जुने सभासद आहेत, पेपरवालाही असेल. जेवढे साक्षीदार तेवढी वसुली!

दुपारी खजिनदार सांगतील की काकांनी पैसे दरमहा भरलेत. फक्त बँकेतून पाठवताना फ्लॅट नंबर लिहायचा राहिला, म्हणून ती रक्कम ‘सस्पेन्स’ खात्यात पडून आहे. घाबरू नका. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दोनेक दिवस चालतं. मेसेज जाईल, ‘हा मेसेज डिलीट केला’ ही पट्टी राहील आणि ज्यांनी काही पाहिलं नव्हतं तेही काय होतं म्हणून विचारू लागतील. मग ज्यांनी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय ते त्यांची सोय करतील. माफी मात्र काकांना फोनवर, एकट्यालाच मागा. नाजूक विषय चारचौघांत बोलू नयेत, एवढं तारतम्य आपल्याला आहेच.

आता तातडीचं. रात्री पावणेबारा वाजता बी विंगच्या जिन्यात गॅसचा वास येतोय. काही उतावळे लोक अशा वेळी आपल्या घरातला व्हॉल्व्ह बंद करतात, खिडक्या उघडतात, दिव्याच्या बटणाला आणि दारावरच्या बेललाही हात लावत नाहीत, कारण तेवढ्या ठिणगीनेही पेट घेऊ शकतो. ते शेजाऱ्यांची दारं हाताने ठोठावतात, इमारतीबाहेर जातात आणि तिथून गॅसच्या बिलावर छापलेल्या आपत्कालीन नंबरावर किंवा 112 वर फोन करतात. किती हा आरडाओरडा! तुम्ही जिन्यातच उभे राहून ग्रुपवर लिहा: ‘कुणाला वास येतोय का?’ निम्म्यांनी ग्रुप म्यूट केलाय, उरलेले झोपलेत. जागा असलेला एकजण नमस्काराचे हात पाठवेल, दुसरा ‘शुभ रात्री’चं फूल. ‘मेसेज इन्फो’त जाऊन कुणाच्या टिका निळ्या झाल्या ते मोजत बसा. प्रकरण फारच गंभीर वाटलं तर सविस्तर ईमेल करा, विषयात ‘अर्जंट’ लिहा. सोमवारी ऑफिसला पोचल्यावर लोक उघडतील.

राहिला फोन. तो गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी राखून ठेवा. कंत्राटदाराने दर सांगितला, तुम्ही ‘हो, करून टाका’ म्हणालात, झालं. काम किती चौरस फुटांचं, किती वर्षांची हमी, जीएसटी धरून की वेगळा, असले प्रश्न दोन दिलदार माणसांमध्ये शोभत नाहीत. फोन ठेवल्यावर ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून तीन ओळींचा ईमेल टाकणारे सेक्रेटरी असतात. त्यांचा माणसांवर विश्वासच नसतो. तुम्हाला 1 लाख 80 हजार आठवत असतील आणि बिल 2 लाख 60 हजारांचं आलं, तर कंत्राटदारही तोच फोन आठवून सांगेल, आकडा तेवढा त्याचा असेल.

ऑडिटर मंजुरीचा कागद मागतील, तेव्हा तो विषय वार्षिक सभेत मांडा. उपविधींप्रमाणे या सभेची लेखी सूचना पूर्ण 14 दिवस आधी द्यायची असते. तुम्ही ती आदल्या रात्री ग्रुपवर टाका, एखाद्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू असतानाच. दुसऱ्या दिवशी कुणी ‘आम्हाला कळवलंच नाही’ म्हणत उभं राहिलं, तर त्यांना शांतपणे वर स्क्रोल करायला सांगा, एकशे बारा केकांच्या वर.